ट्रिप संपायच्या आत

उज्वलाबाईंना बोलायला माणूस लागतो. तो ओळखीचाच हवा अशी त्यांची अट नाही. गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला येणारा, पत्ता चुकून दारात आलेला, कुणीही चालतो. लग्न होऊन त्या सूसला आल्या तेव्हा आमच्या आळीपासून पार ओढ्यापर्यंत भाताची खाचरं होती. लावणीला बायका ओळीनं वाकल्या की उज्वलाबाई कायम मागं राहायच्या. हात कुणापेक्षा कमी चालायचा नाही, पण तोंड त्याच्याही पुढं धावायचं.

आता त्या खाचरांत सोसायट्या उभ्या आहेत. उज्वलाबाईंच्या मालकांनी, म्हणजे कैलासरावांनी, थोडी जमीन विकली आणि उरलेल्या तुकड्यावर घरामागं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. भाडेकरू सगळे कंपनीत जाणारे. सकाळी कानात इअरफोनची बोंडं घालून बाहेर पडतात, संध्याकाळी बोंडं घालूनच परत येतात. ओट्यावर बसलेल्या उज्वलाबाई विचारतात, "जेवलास का रं?" पोरगं गोड हसतं, मान हलवतं आणि जिना चढून जातं. ऐकू आलेलं असतंच असं नाही.

एकटी मृण्मयी तेवढी बोंडं काढून बोलायची. ही साताऱ्याची मुलगी, वरच्या खोलीत राहते. तिनंच उज्वलाबाईंच्या मोबाइलवर सामान मागवायचं ॲप टाकून दिलं आणि ते चालवायला शिकवलं. कोथिंबीर, साबण, दूध, सगळं दारात. उज्वलाबाईंना कोथिंबिरीचं काही विशेष वाटलं नाही, परसात होती. त्यांना हरखवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सामान घेऊन निघालेल्या पोराशी त्या ॲपमध्ये लिहून बोलता येत होतं!

टाइप करणं त्यांना जमत नव्हतं. मृण्मयीनं कीबोर्डवरचा माइक दाखवला. तो दाबायचा आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. मग काय विचारता.

"दादा, नकाशावर इसवास ठिवू नगा. नकाशा सोसायटीच्या मागल्या भितीपाशी नेऊन सोडतो. तुमी कमानीतनं आत या. जितं आमची म्हैस बांधायचो तितनं डावीकडं वळा."

"मावशी म्हैस दिसत नाहीये."

"म्हैस कवाच गेली. आता तितं जिम हाय."

असं चालायचं. पोरगं दारात येईपर्यंत त्याचं गाव, त्याची आई काय करते, गाडीचा हॉर्न का बिघडलाय, सगळं विचारून झालेलं असायचं. सामान हातात पडलं की ऑर्डर पूर्ण व्हायची आणि ते बोलणंही स्क्रीनवरून जायचं. उज्वलाबाईंना त्याची कधी खंत वाटली नाही. ओट्यावरच्या गप्पाही जपून कोण ठेवतं?

त्यांची मुलगी पिंकी पिरंगुटला दिलेली. जावई साहिल आणि पिंकी दोघंही तिथल्या एमआयडीसीत कामाला. पिंकीला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाईंनी, भागूबाईंनी, सगळ्या भावकीसमोर नवस बोलला. "नातवंडाचं तोंड बघेस्तोवर वशाट, मटान-मासळी, तोंडात घालणार न्हाई. आन् माज्या घरात शिजणार बी न्हाई." भागूबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. कपाळभर कुंकू, हिरवं नऊवारी आणि दोन आळ्या ओलांडून ऐकू जाणारा आवाज. गावात सगळ्यांना तो नवस पाठ झाला होता.

नवस सासूचा आणि डोहाळे सुनेचे. पिंकीला नेमकी मरळ खावीशी वाटायला लागली. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, काटा कमी आणि चवीला असा की बोलता सोय नाही. लहानपणापासून तिला तो आवडायचा, कारण उज्वलाबाईंचं माहेर मुळशीचं आणि त्यांचा भाऊ भिकू तिथं धरणावर मासेमारी करतो. पिंकीनं फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं, "आई, घरात शिजवता येत न्हाई. स्वप्नात सुदिक रस्साच दिसतोय."

"शिजवायचा न्हाई म्हणल्यात ना? मी शिजवून धाडते. आयता खायला काय हरकत हाय?"

भिकूनं मरळ आणून दिली. उज्वलाबाईंनी सुकं खोबरं, कांदा भाजून वाटण वाटलं, आमसूल घालून रस्सा केला, इंद्रायणीचा भात केला, भाकऱ्या बांधल्या आणि मृण्मयीकडून पार्सल नेणारं आणखी एक ॲप घेतलं. त्या दिवशी पिंकीला सुट्टी होती. राजू नावाचा एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि चार कप्प्यांचा डबा पिशवीत घालून पिरंगुटच्या वाटेला लागला.

घोटावड्याच्या फाट्याच्या आसपास त्याचा मेसेज आला. वाटेत ट्रॅफिक आहे, जरा उशीर होईल. उज्वलाबाईंनी त्याला डबा सरळ धरायला सांगितलं. माइकला ते नीट ऐकू गेलं नाही. राजूला गेलं ते असं: "डबा मरळ धरा." राजूनं विचारलं, "मरळ म्हणजे काय मॅडम?" यावर बरंच बोलणं झालं.

मग त्याचा आणखी एक मेसेज आला. त्यात लिहिलं होतं की पिंकी मॅडमचा फोन लागत नाही, घरात एक आजी आहेत. उज्वलाबाई म्हणाल्या, असतील त्यांच्याकडे द्या. त्यानंतर राजूनं दोन ओळी लिहिल्या. उज्वलाबाईंचा चष्मा देव्हाऱ्यापाशी राहिला होता. "दिला" आणि "आजी" एवढं त्यांना वाचता आलं. चष्मा घालून त्या परत आल्या तोवर स्क्रीनवर हिरवी खूण आणि "ट्रिप पूर्ण" एवढंच होतं.

संध्याकाळी पिंकीचा फोन आला. "आई, डबा कुटाय?"

"म्हंजी? दिला की तुज्या सासूच्या हातात."

"मी डाक्टरकडं गेल्ते, फोन बंद व्हता. आत्या म्हणत्यात हितं कुणी आलंच न्हाई."

मागून या आत्यांचा, म्हणजे भागूबाईंचा, आवाज आला, फोन न लावताही सूसला ऐकू यावा इतका. "डब्याला पाय फुटलं आसतील! धाडला व्हता का खरंच, इचार तिला!"

उज्वलाबाईंच्या डोक्यात गेलं. त्यांच्यावर कुणी आळशीपणाचा आळ घेतला असता तर त्या हसल्या असत्या. पण धाडलेला डबा धाडला नाही म्हणणं म्हणजे फारच झालं. "थांब, पोरानं लिवलंय मला. दावतेच," म्हणून त्यांनी ॲप उघडलं. ट्रिप होती. सूसपासून पिरंगुटपर्यंतची निळी रेघ होती, राजूचं नाव होतं, वेळ होती. बोलणं मात्र कुठंच नव्हतं. वर सरकवलं, खाली सरकवलं, मोबाइल उलटा करूनसुद्धा बघितला. फोनचं चिन्ह दाबलं तर ट्रिप संपल्यामुळं कॉल लागत नाही असं आलं.

मृण्मयी कामावरून आल्या आल्या त्यांनी तिला जिन्यातच धरलं.

"काकू, ते गेलं," ती म्हणाली. "ट्रिप चालू असेपर्यंतच चॅट दिसतं. संपली की तुमच्याकडूनही जातं आणि त्या रायडरकडूनही. नंबरसुद्धा खरा नसतो, ॲप मधे असतं."

"कंपनीकडं आसंल की."

"असेल कदाचित. पण मागितलं की ते देतातच असं नाही." तिनं मदतीच्या पानावर लिहून बघितलं. तिकडून यंत्रानं उत्तर दिलं की तुमचं पार्सल यशस्वीरीत्या पोचलं आहे, धन्यवाद. मग ती मोबाइलच्या सेटिंगमध्ये गेली. आलेल्या नोटिफिकेशनची हिस्ट्री चालू असती तर निदान एखादी ओळ सापडली असती. ती बंद होती. तिनं ती चालू करून ठेवली. "पण याच्यावर अवलंबून राहू नका. एक दिवसच राहतं आणि लांब मेसेज अर्धा कापला जातो. सरळ स्क्रीनशॉट घ्यायचा. आवाज कमी करायचं बटण आणि चालू-बंदचं बटण एकदम दाबायचं. एकदम म्हणजे एकदम."

त्या "एकदम"नं उज्वलाबाईंचा पुढचा आठवडा खाल्ला. एक बोट आधी पडलं तर स्क्रीन काळी व्हायची, दुसरं आधी पडलं तर आवाज कमी व्हायचा. दोन्ही जास्त वेळ दाबून धरली की भलतंच काहीतरी उघडायचं. कैलासरावांना त्या दिवसांत एकही फोन ऐकू आला नाही, कारण आवाज कायम शून्यावर. पण शेवटी खटका बसला. मग उज्वलाबाई दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढत सुटल्या. घड्याळाचा, हवामानाचा, बहिणीनं पाठवलेल्या शुभ सकाळचा, दूधवाल्या पोराच्या "मॅडम गेटवर आहे"चा. कैलासरावांनी एकदा फोटो उघडले आणि म्हणाले, "आगं, ह्यात निम्म्यात तर बॅटरी किती उरलीया तेवढंच दिसतंय."

"सराव हाय तो," उज्वलाबाई म्हणाल्या.

तिकडं पिरंगुटात साहिलनं आपला निकाल लावून टाकला होता. पोरानं वाटेतच डबा खाल्ला. तो सासूला म्हणाला, "मामी, तुम्ही तक्रार टाका. तुमच्या खात्यावरनं टाकावी लागंल. त्याचा आयडी बंद झाला की बाकीचे सरळ होतील."

उज्वलाबाईंना हे पटेना. राजूनं शेवटी लिहिलेल्या दोन ओळी त्यांच्या डोळ्यांपुढं धुरकट दिसत होत्या. "दिला" हा शब्द त्यांनी वाचला होता. ज्यानं डबा खाल्ला तो "आजी" कशाला लिहील? पण दाखवायला काही नव्हतं. त्यांनी तक्रार टाकली नाही आणि विहिणीशी बोलणंही टाकलं. बोलणं टाकायचं म्हणजे उज्वलाबाईंना उपासापेक्षा अवघड. पण टाकलं.

भिकू पुन्हा मरळ घेऊन आला तेव्हा त्यांनी ठरवलं की आणखी एकदा डबा पाठवायचा. पिंकीला सकाळची पाळी होती, दुपारी उशिरा घरी येणार होती. कैलासराव म्हणाले, "मग ती आल्यावर धाड की."

"गरम गरम पोचला पायजे," उज्वलाबाई म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या. कैलासरावांनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग चपला घालून ते पारावर निघून गेले. संसारात काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या, हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

या वेळी डबा न्यायला सिद्धनाथ नावाचा पोरगा आला. तो मुळशीकडचाच. घरी मेंढरं, बाप आणि चुलता मेंढरांमागं फिरतात आणि हा मोटारसायकलवर फिरतो. उज्वलाबाईंनी त्याला ओट्यावर पाणी दिलं आणि समोरासमोर बजावलं.

"बाळा, एक काम कर. डबा दिलास की लगेच ते पूर्ण झालं म्हणून दाबू नगंस. तू दाबलंस की आपलं बोलणं पुसतंय. आधी मला सगळं लिहून कळीव. मी 'बरं' म्हणलं की मग दाब."

सिद्धनाथनं डोकं खाजवलं. "मावशी, डब्यात काय हाय काय आसं?"

"मरळ."

"मरळीसाटी यवढं?" तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "बरुबर हाय म्हणा."

तो गेल्यावर उज्वलाबाई चष्मा घालून, मोबाइल चार्जिंगला लावून, तिथंच भिंतीला टेकून बसल्या. दोन्ही बोटं बटणांवर. नकाशावरची छोटी गाडी सरकत होती. मृण्मयीला त्या दिवशी घरून काम होतं. तीही लॅपटॉप मिटून शेजारी येऊन बसली.

पहिला मेसेज आला. "मावशी पोचलो. दार उघडं हाय."

"कोण हाय घरात?"

"आजी हाय. हिरवं लुगडं. शेवग्याच्या शेंगा मोडत बसलीया."

उज्वलाबाईंनी बटणं दाबली. खट्. मृण्मयी म्हणाली, "काकू, अजून काही झालं नाहीये."

"व्हणार हाय."

"आजी इचारतीया कुणी धाडला. मी म्हणलं पिंकीताईच्या आईनं."

"मग?"

"गप बसली. आता पिशवीचा वास घेतीया."

मृण्मयीनं तोंडावर हात ठेवला. उज्वलाबाईंचा चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. खट्.

"म्हणतीया मरळ हाय का."

"हाय म्हण."

यावर बराच वेळ काही आलं नाही. उज्वलाबाईंना वाटलं, पोरानं विसरून दाबलं की काय. पण गाडी नकाशावर तिथंच होती. मग एकापाठोपाठ एक ओळी येऊ लागल्या.

"म्हणतीया ठेव हितं."

"म्हणतीया मागल्या बारीला बी आसाच आल्ता, लई झ्याक व्हता."

"म्हणतीया घरात कुणाला सांगू नगंस, मी नवस धरलाय."

"मावशी आता काय करू."

"काय न्हाई. ठेव," उज्वलाबाई म्हणाल्या. माइकनं या वेळी अगदी बरोबर ऐकलं.

"आजीनं मला ताक दिलं. म्हणतीया उन्हाचं फिरतुयास, डोक्याला काय बांधत जा. आईच्या हातचं जेवतुयास का म्हणून इचारतीया. चांगली हाय मावशी आजी."

मेसेज एवढे झाले होते की वरचे स्क्रीनच्या बाहेर गेले. मृण्मयीनं सांगितलं की एकात मावणार नाहीत. उज्वलाबाईंनी वर सरकवून एक काढला, खाली येऊन दुसरा काढला. मागचा शेवट आणि पुढची सुरुवात जुळते ना, तेही बघितलं. सगळ्यांत वर सिद्धनाथचं नाव आणि ट्रिपची माहिती दिसत होती. मग गॅलरी उघडून फोटो खरंच आलेत ना याची खात्री केली. नंतरच त्यांनी लिहिलं, "बरं."

लगेच हिरवी खूण आली आणि बोलणं पुसलं गेलं. उज्वलाबाईंनी फोटो पुन्हा उघडून बघितला. होता. "म्हणतीया मरळ हाय का" ही ओळ मोठी करून त्यांनी मृण्मयीला दाखवली आणि मग जे हसू इतका वेळ दाबून धरलं होतं ते बाहेर पडलं. दोघी इतक्या हसल्या की वरच्या खोलीतला एक भाडेकरू बोंडं काढून खाली डोकावला.

संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे पिंकीचा फोन आला. डबा नाही, आत्या म्हणतात कुणी आलं नाही. पण फोन साहिलनं ओढून घेतला. "मामी, आता बास. मागं राजू, आज हा दुसरा. ही टोळी हाय. त्याचं नाव नि गाडीचा नंबर ॲपात दिसतोय ना? मला धाडा. पिरंगुटच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो. परत ह्या भागात पार्सल उचलू दे बघतो."

उज्वलाबाईंचं हसू तिथंच थांबलं. विहिणीची फजिती करायची एवढीच मजा त्यांच्या मनात होती. त्यात पोराच्या पोटावर पाय येईल हे त्यांनी धरलं नव्हतं. "काय टाकू नगा. मी उद्या येते," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या पिरंगुटला गेल्या. साहिल घरी होता आणि पिंकीही. भागूबाई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. विहिणीला बघून त्यांनी मान वर केली नाही, पण खडे जरा जास्तच जोरात फेकले.

साहिलनं सुरू केलं. ही पोरं अशीच, परवा कुणाचा पिझ्झा, तेरवा कुणाचं काय. उज्वलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या पोराचं नि माजं बोलणं माज्याकडं हाय. पुसायच्या आत फोटू काढून ठिवलाय."

सूप थांबलं.

"दाखवा की मग," साहिल म्हणाला.

"आधी विहीणबाईंना दावते. मोठ्या मानसाला आधी." उज्वलाबाई उठल्या आणि सरळ मागच्या अंगणात गेल्या. भागूबाई लुगडं सावरत त्यांच्या मागं आल्या. त्यांना एवढ्या चपळाईनं उठताना पिंकीनं कधी पाहिलं नव्हतं.

अंगणात धुण्याच्या दगडावर दोघी बसल्या. भागूबाईंना अक्षर बारीक दिसेना, म्हणून उज्वलाबाईंनी हळू आवाजात वाचून दाखवलं. हिरवं लुगडं. शेवग्याच्या शेंगा. "वास घेतीया"शी आल्यावर भागूबाई ताडकन् म्हणाल्या, "मेल्यानं ह्ये बी लिवलं?"

"सगळं लिवलंय."

"माज्याफुडं मान खाली घालून मोबाइल बघत व्हता. मला वाटलं गेम खेळतोय."

उज्वलाबाईंनी पुढं वाचलं. ताक दिलं. डोक्याला काय बांधत जा. चांगली हाय आजी. भागूबाईंनी दगडावरचं शेवाळ नखानं खरवडलं.

"मागल्या बारीला," त्या शेवटी म्हणाल्या, "नुसतं झाकण उघडून बघणार व्हते. सांडलं बिंडलं न्हाई ना म्हणून. तर तुमी त्यात आमसूल घातलेलं. आता आमसूल घातल्यावर मानसानं काय करायचं?"

"नवसाचं काय?"

"घरात शिजणार न्हाई म्हणले व्हते. शिजलं का घरात?"

"तोंडात घालणार न्हाई आसंबी म्हणलं व्हतं."

"त्ये लई हळू म्हणलं व्हतं," भागूबाई म्हणाल्या. ज्यांचा आवाज दोन आळ्या ओलांडतो त्यांच्या तोंडून हे ऐकून उज्वलाबाईंचा धीर सुटला आणि त्या हसायला लागल्या. भागूबाईंनी आधी रागावून बघितलं, मग त्याही तोंडाला पदर लावून हलू लागल्या.

हसून झाल्यावर उज्वलाबाई म्हणाल्या, "ह्यो फोटू मी पुसून टाकते, कुणाला कळायचं न्हाई. पर साहिलराव त्या पोराचं नाव गावभर टाकाय निघाल्यात. धनगराचं पोर हाय. चोर म्हणून नाव झालं तर कोण काम दील त्याला? दुसरं काय सांगायचं त्यास्नी, ते तुमीच सांगा."

भागूबाईंना साहिल काय करायला निघालाय हे ठाऊक नव्हतं. तक्रार म्हणजे डबा हरवल्याचं कळवायचं, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्यांचा चेहरा बदलला. "कोणाला चोर म्हणतोय? ताक पिताना कसा गप बसला व्हता पोरगा," असं म्हणत त्या उठल्या आणि ओसरीवर जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साहिल, दोन्ही डबं मी खाल्लं. त्या पोरांस्नी काय बोलायचं न्हाई."

आवाज नेहमीचाच होता, त्यामुळं शेजारच्या घरातलं भांडी घासणंही थांबलं. साहिल आईकडं बघतच राहिला. त्याला हसावं की रागवावं कळेना. रागवायचं काम पिंकीनं केलं.

"माजी मरळ? दोन्ही बारीची?"

"मागल्या बारीची शेपटाकडची तुकडी ठिवली व्हती तुला," भागूबाई म्हणाल्या. "मग म्हणलं, ठिवली तर कळंल."

पिंकी खरंच रडली. गरोदर बाईचं रडणं, त्याला अडवणार कोण? भागूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. देवासमोर नवस धरायचा आणि पोटुशा सुनेच्या तोंडचा घास काढायचा, हे आपल्याकडून झालं, असं त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. नंतर त्या देवळात जाऊन आल्या. तिथं काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. आल्यावर त्यांनी जाहीर केलं की देवाची हरकत नाही, पण दंड म्हणून आपण आता नातवंड होईपर्यंत गोडही खाणार नाही. साहिल म्हणाला, "आई, ह्ये तरी हळू बोल."

साहिलनं ग्रुपवर काही टाकलं नाही. उज्वलाबाईंनी मृण्मयीकडून दोन्ही पोरांना ॲपमध्ये पाच तारे देववले. राजूच्या ट्रिपला तारे देता येतात का हे शोधायला वेळ गेला, कारण ती जुनी झाली होती. पण जमलं. शेरा लिहायच्या जागी उज्वलाबाईंनी माइक दाबून एवढं बोलून ठेवलं की जागा संपली आणि शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं.

आमच्या आळीत ही गोष्ट पसरली, तशा बायका त्यांच्याकडं मोबाइल घेऊन येऊ लागल्या. कुणाचा रिक्षावाला अर्ध्या वाटेत "दुसरी गाडी बघा" असं लिहून निघून गेला, कुणाचं औषध भलत्याच विंगमध्ये ठेवलं गेलं. उज्वलाबाई ओट्यावर बसून बोटं दाबायला शिकवतात. "गाडीत बसलीस का फोटू काढ. उतरल्यावर काय न्हाई हाती लागायचं. आन् त्या पोरांशी गोड बोला, बायांनो, फोटू काढायचा म्हणून वाकडं बोलाय नगो."

पिंकीला शेवटी मरळ मिळाली ती अशी. साहिलनं तिला सुट्टीच्या दिवशी सूसला आणून सोडलं. ओट्याखाली मांजर घुटमळत होतं आणि कैलासराव त्याला सारखे हाकलत होते. पिंकीनं ताट पुढं ओढलं, रश्श्यात भाकरी मोडली आणि मान खाली घालून खात राहिली. उज्वलाबाई समोर बसून बघत होत्या. चक्क गप्प होत्या.